नणंदेचा माफीनामा

माझ्या नणंदेइतकी माफी मागणारी व्यक्ती अख्ख्या चिखलीत नसेल. टेबलाचा कोपरा लागला की ती टेबलालाच सॉरी म्हणायची. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी माफी हीच मागायची. एकदा घरात चुकून राँग नंबर आला, तर त्या माणसाला "सॉरी हं, आमीच लागलो तुम्हाला," असं सांगून तिने फोन ठेवला. सासूबाई कपाळावर हात मारून घेत. मला मात्र ती फार आवडायची, कारण या घरात दुसरं कुणी माफी मागतच नसे.

बाकी वेळ ती इथे नसायचीच. दूध उतू जात असताना ही गॅसपाशी उभी राहून खिडकीबाहेर बघत असायची. कंपनीच्या बसेस कामगारांना घेऊन निघाल्या, की त्यांच्या काचांमागे डुलक्या घेणारे चेहरे बघत म्हणायची, "वहिनी, ही माणसं झोपेत कुठं जात असतील हो?" मी म्हणायची, "चाकणला." यावर ती इतकी खिन्न व्हायची, की मलाच वाईट वाटायचं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिला भूगोलाचा प्रकल्प होता, 'माझ्या गावातली नदी'. आमच्या घराला इंद्रायणी जवळ. ही रोज वही घेऊन घाटावर जायची आणि संध्याकाळी तांबूस डोळ्यांनी परत यायची. आम्हाला वाटलं, पोरगी अभ्यास करतेय. मामंजींनी आधीच बजावलं होतं, "औंदा नापास झाली, तर शिक्षाण बंद. स्थळं बघायची." त्या प्रकल्पाचे गुण गेले, तर ती नापास होणार हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी पोळ्या लाटत होते, तर ही पांढरीफटक होऊन समोर उभी. प्रकल्प आदल्या दिवशी द्यायचा होता आणि तो निम्माच झाला होता. भूगोलाच्या बाईंना तिने तीन मेसेज पाठवून तिन्ही पुसले होते. चौथा तयार होता. मी हात पुसले आणि वाचला.

"मॅडम प्लीज प्लीज सॉरी मॅडम खूप खूप सॉरी, काल गुरुवारी दादाला कंपनीत अचानक ओव्हरटाइम लागला आणि लॅपटॉप त्याच्याकडं होता आणि लाइट पण नव्हती आणि आजीला ॲडमिट केलंय मॅडम मी खूप टेन्शनमध्ये आहे प्लीज नापास करू नका मी तुमच्या पाया पडते."

"आजी?" मी म्हटलं. "त्यांच्या फोटोला मी रोज हार घालते. आणि गुरुवारी ओव्हरटाइम? अगं, गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी. तुझा दादा दिवसभर सोफ्यावर घोरत होता. तुझ्या बाईंचे मिस्टर कुठे असतात?"

"भोसरीत. कंपनीत." ती मटकन खाली बसली. "म्हणजे तेपण काल घरीच."

"मग खरं काय झालं?"

ती हळूच म्हणाली, "काय न्हाई हो वहिनी. नदीवर बसले. पाणी बघत ऱ्हायले. लिहायचं उद्या, लिहायचं उद्या."

"मग तेच लिही."

तिला हे पटेना. आधी आजी गेली, मग लाइट. पाया पडणं काढताना ती रडवेली झाली. तिन्ही प्लीज गेले, टेन्शन गेलं. "बाईंना तुझी भीती नको," मी म्हटलं, "काय राहिलंय नि कधी मिळेल, ते हवं." सगळ्यात वर नाव आणि रोल नंबर टाकला. पुसलेल्या मेसेजबद्दल काही लिहायचं नाही असं ठरलं. सॉरी किती वेळा, यावर पोळी करपेपर्यंत वाद झाला. शेवटी एकदाच राहिलं, तेही 'माफ करा' होऊन.

"नमस्कार मॅडम. नदीचा प्रकल्प काल द्यायचा होता, तो मी दिला नाही. लिहायला उशिरा बसले, चूक माझी आहे. निम्मा झाला आहे. सोमवारी सकाळी पूर्ण आणून दिला तर घ्याल का? उशिराचे गुण कापलेत तरी मान्य आहे. माफ करा."

पाठवताना तिने डोळे मिटले. "वहिनी, हे फार उघडं वाटतंय."

उत्तर दुपारी आलं. "आण सोमवारी. गुण कापणार. नदीवर बसून काय पाहिलंस, तेही लिही."

तिने ते लिहिलं. गुण कापले गेले, पण ती पास झाली आणि पुढे पदवीधरही झाली. मामंजींनी स्थळं बघितलीच, पण दोन वर्षांनी.

आता ती सासरी, लातूरकडे असते. तिकडे नदी लांब आहे म्हणे. माझी शिकवण तिने इतकी मनावर घेतली आहे, की मेसेज कधी दोन ओळींच्या वर जात नाही. परवा आला, "वहिनी, इथं करमत नाही. भांडण कुणाशी नाही. तुम्ही याल का?"

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. कापण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचंच मला रडू आलं. "रविवारी येते," एवढंच मी लिहिलं.