पदवीधर पाहिजे

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडमागच्या डेटा एंट्रीच्या ऑफिसात सुपरवायझर रंगराव सकाळची दुसरी कॉफी येईपर्यंत चिडून चुकलेले असत. त्यात त्यांचा दोष थोडाच होता. पंच्याण्णव साल. जो उठेल तो शेअर घेत होता, आणि त्या अर्जांचे गठ्ठे मद्रासहून इथं येत. प्रत्येक अर्ज दोन वेगवेगळ्या मुलांनी टाइप करायचा, मग जिथं दोघांचं जुळत नाही ते कॉम्प्युटर दाखवायचा. मालक वेंकटराव घेत फक्त बी.कॉम. झालेली मुलं, आणि न जुळणाऱ्या ओळींनी रंगरावांचं टेबल भरून जाई.

"चेकचा नंबर बघून टाइप करायला अर्थशास्त्र कशाला हवं?" रंगराव ओरडत. "आणि सहा महिन्यांत हे बँकेच्या परीक्षेला पळतात. मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतोय! पदवी सोडा, टाइपिंगची परीक्षा घेऊन मुलं घ्या!"

वर्षभर कटकट ऐकून वेंकटराव कंटाळले. "घ्या तुमची परीक्षा. पण चुका वाढल्या तर पदवीची अट परत. मग एक शब्द ऐकणार नाही."

परीक्षेच्या दिवशी साठ जण आले, आणि साठांच्या हातात सर्टिफिकेटांच्या फाइली, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासकट. काहींबरोबर वडीलही. "सर्टिफिकेटं नको म्हटलंय ना! जाहिरातीत छापलंय!" रंगराव हात जोडून सांगत होते. शेवटी सगळ्या फाइली व्हरांड्यात ठेवून घेतल्या. उमेदवारांना नावाऐवजी नंबर दिले. सगळ्यांना तेच शंभर अर्ज, तोच एक तास. किती अर्ज आणि किती चुकांपर्यंत पास, हे त्यांनी आदल्या दिवशीच लिहून वेंकटरावांच्या कपाटात ठेवलं होतं, म्हणजे नंतर कोणाचा मामा येऊन ते वाकवायला नको.

एकतीस नंबर सगळ्यांच्या पुढं गेला. ती निघाली कनकलता, तिरुवैयारूच्या एका मराठी घरातली, बारावी नापास. टाइपरायटिंगच्या क्लासात सात वर्षं शिकवत होती.

"बारावी नापास!" वेंकटराव कपाळाला हात लावून म्हणाले.

"अहो, बारावी तिनं इथं टाइप नाही करायची!"

तिला घेतलं. पुढची तीन वर्षं रंगराव तिच्या चुका मोजायला बसत आणि हात हलवत उठत. वेंकटरावांनी अटीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि जिंकल्याचा आनंद रंगरावांनी इतका उपभोगला की घरी बायको चंद्रमतीबाई म्हणाल्या, "आता पुरे. ती मुलगी तुम्ही जन्माला घातलेली नाही."

मग डोळे दगा देऊ लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पडद्याकडे बघवेना. निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षंही पूर्ण होत आली. वेंकटराव म्हणाले, "तुमच्या जागेची जाहिरात तुम्हीच लिहा."

रंगरावांनी पाच मिनिटांत कागद खरडला आणि टाइप करायला कनकलताकडे दिला. ती दुपारी टाइप केलेला घेऊन आली आणि सहीसाठी समोर ठेवला.

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. *सुपरवायझर पाहिजे. पदवीधर असणे आवश्यक.*

दोनदा वाचलं. मग कागद उलटा ठेवला.

"हे तू टाइप केलंस?"

"मूळ कागदावर तुमचंच अक्षर आहे, सार्."

"तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं. जो पदवीधर येईल त्याला मीच अस्कं, सगळंच्या सगळं काम शिकवायचं, हे वाटलं."

रंगरावांना स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी तो फॅनवर काढला. गरगरतो नुसता, वारा नाही! मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. इथंही परीक्षाच. पण परीक्षा काढायची तर मी दिवसभर नेमकं काय करतो ते आधी लिहायला हवं. बस. लिही."

ती बसली. न जुळलेल्या ओळी तपासणं. कोणाचा हात कुठल्या अर्जावर चुकतो ते ओळखून गठ्ठे वाटणं. नव्यांना शिकवणं. उशीर झाला तर मद्रासला फोन करून शिव्या खाणं.

यादी संपली. रंगराव ती डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचत गेले. ऑपरेशनपासूनचे महिने एकेक ओळीवर येऊन बसले.

"हे गेलं वर्षभर कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

कनकलतानं टेबलावरचा न जुळलेल्या ओळींचा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

"मग मी काय करत होतो?"

"ओरडत होता, सार्," ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती.

त्यांनी जाहिरातीचा कागद सुलटा करून पदवीची ओळ खोडली. पेन तिथंच धरून म्हणाले, "तुझंच नाव सरळ वेंकटरावांना सांगतो."

"नको. परीक्षा ठेवा, सगळ्यांसाठी. नंबर लावून. आणि पेपर तपासायला तुम्ही बसू नका."

"का?"

"तुम्ही मला पास करणार."

रंगरावांनी ओरडायला तोंड उघडलं, मग ते मिटून पेन पुन्हा कागदावर टेकवलं. खोडलेल्या ओळीच्या जागी लिहिलं: *परीक्षा सगळ्यांसाठी. पेपर वेंकटराव तपासतील.*