मानेतली गाठ

आमचे हे शिंपी. कापडातला एक जाड धागासुद्धा त्यांच्या बोटांना कळतो. वर्षापूर्वी त्याच बोटांना मानेत वाटाण्याएवढी गाठ लागली आणि घराची झोप उडाली.

सोनोग्राफी झाली. "साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. हे शीळ घालत घरी आले. आठवड्याने म्हणाले, "मशीन जुनं असेल का गं?" मग दुसरं सेंटर, तिसरं. दर रिपोर्टनंतरचा दिलासा आधीपेक्षा लवकर विरायचा. दिवसातून वीसदा गाठ दाबायची आणि मला विचारायचं, "वाढलीय का?" मी आपली बघून म्हणायचे, "नाही हो."

परवा मान लाल होऊन ठणकू लागली. पुन्हा डॉक्टर.

"दाबून दाबून सुजलीय," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. तुमच्या समाधानासाठी तपासण्या लिहून दिल्या आणि भीतीलाच खतपाणी घातलं. आता समुपदेशकांकडे जा. गाठीला हात लावायचा नाही. आणि वहिनी, यांनी विचारलं तरी तुम्ही उत्तर द्यायचं नाही."

घरी आल्यावर हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"नाही हो," मी म्हणाले.