न वाचलेला शब्द

दिघ्याची संघमित्रा तुर्भ्याच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि जेवणाच्या सुट्टीत गणितं सोडवायची. १९९६ साली तिनं कारकुनाच्या भरतीची परीक्षा दिली. वयाच्या अटीमुळे ती शेवटचीच संधी होती.

पेपर सुटल्यावर तिची मैत्रीण मंजुषा म्हणाली, "यापैकी मूळ संख्या नसलेली कोणती, तिथं मी एकोणचाळीस लिहिलं. तेरा त्रिक एकोणचाळीस. तू?"

संघमित्राला पर्याय आठवले. एकतीस, सदतीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस. पहिलीच मूळ संख्या दिसली आणि तिनं एकतीसवर खूण केली होती. 'नसलेली' हा शब्द घाईत तिनं वाचलाच नव्हता.

यादी लागली. एका गुणानं तिचं नाव राहिलं.

तिचे वडील सदू कधी शाळेत गेले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "येत नव्हतं का गं तुला?"

"येत होतं, बाबा. प्रश्न नीट वाचला नाही."

पुढे ती संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना शिकवू लागली.

"दोन मूळ संख्यांची बेरीज नेहमी सम येते का?"

"हो ताई," वैष्णवी म्हणाली. "तीन आणि पाच, आठ."

"आणि दोन आणि तीन?"

"पाच."

"मग प्रश्नातलं 'नेहमी' नीट वाच, इथं उत्तर 'नाही'. एक उदाहरण चुकलं तरी पुरतं."

तीन वर्षांनी वैष्णवीला सरकारी नोकरी लागली. तिनं आणलेला पेढा संघमित्रानं बाबांच्या हातावर ठेवला. म्हातारे एकदम ताठ बसले.

"तुझं झालं?"

"वैष्णवीचं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पेढा बराच वेळ तसाच हातात धरून बसले.