वायफायच्या यादीतलं नाव

दादा गेला तेव्हा त्याचा फोन सापडला नव्हता. अमझेऱ्याहून धारला परत येताना ट्रॅक्टर-ट्रॉलीने त्याच्या मोटरसायकलला मागून ठोकर दिली. पाकीट सापडलं, चष्म्याची एक काडी सापडली, फोन तेवढा नाही. त्या दिवसांत फोन शोधायचं कुणाला सुचलं नाही. पुढे सुचलं तेव्हा नंबर लावला की बंद यायचा. आई तरीही अधूनमधून माझ्या फोनवरून तो नंबर लावून बघायची. लागला नाही की फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जायची.

मी देवासला राहते. तिथल्या एका हिंदी शाळेत शिकवते. दादा गेल्यावर शक्य त्या रविवारी धारला जायची. वहिनी घरूनच मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. दादाचा पगार थांबल्यावर घर त्या शिकवण्यांवरच चालू होतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या शिकवण्या सारख्या अडकायला लागल्या. चित्र थांबायचं, आवाज तुटायचा, पालक रागवायचे.

"वन्सं, अख्ख्या गल्लीत आपला पासवर्ड आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनीच वाटलाय. कुणी मागितला की, ले भिया, लिख ले. आता बदलायचा तर कसा, तेवढं बघून द्या."

मला ते काम येत होतं. देवासच्या घरी मीच करते. जेवणं झाल्यावर दिवाणावर बसले, फोनच्या ब्राउझरमध्ये नेहमीचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.१. पांढरं पान नुसतं फिरत राहिलं. मग वाटलं, फोन मोबाइल डेटावरून शोधत असेल, म्हणून डेटा बंद करून फक्त वायफाय ठेवलं. पत्त्याच्या आधी http सुद्धा लिहून पाहिलं. पान उघडेना.

"बिघडलाय का?" वहिनींनी विचारलं.

"बिघडला असता तर नेट चाललं नसतं. ह्याचा पत्ता वेगळा असणार."

सगळ्या राउटरांचा पत्ता एकच नसतो, हे मला ऐकून माहीत होतं. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये गेले. जोडलेल्या नावावर दाबलं की खाली बारीक माहिती येते. तिथे 'गेटवे' असं लिहिलेलं होतं आणि पुढे १९२.१६८.३१.१. तिसरा आकडा निराळा होता, बस. तो पत्ता टाकला आणि पान लगेच उघडलं. लॉगिनची चौकट आली.

राउटर उलटा करून बुडाचं चिकटपत्र वाचलं. नाव admin आणि पुढे पासवर्ड. घातला, चुकीचा म्हणाला. दादाने बदलला असणार. आईचं नाव, घराचा नंबर, त्याच्या मोटरसायकलचा नंबर, असं करत गेलो तर चौकटच बंद झाली आणि थोड्या वेळाने प्रयत्न करा असं लिहून आलं.

वहिनींनी इंटरनेटवाल्यांना स्पीकरवर फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, मागच्या छोट्या भोकात टाचणी दाबून ठेवा, सगळं पहिल्यासारखं होईल, मग चिकटपत्रावरचाच पासवर्ड चालेल.

"पण मग नेट चालू राहील ना?" मी विचारलं.

"नहीं मैडम, कनेक्शन की आईडी फिर से डालनी पड़ेगी. जिनके नाम पर है, उनसे बात करवा दीजिए."

वहिनींनी फोन ठेवला. जिनके नाम पर है. हे वाक्य त्यांना त्या वर्षात बँकेत, गॅसवाल्याकडे, वीज मंडळात, सगळीकडे ऐकावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी होती, त्यामुळे टाचणी दाबायची सोय नव्हती.

मग मला दादाचा लॅपटॉप आठवला. राउटर त्याने त्यावरूनच लावला होता. वहिनींनी कपाटातून काढून आणला, धूळ पुसली. उघडायचा पिन त्यांना माहीत होता. ब्राउझरमध्ये तोच गेटवेचा पत्ता टाकला. लॉगिनची चौकट आली आणि तिच्यात नाव आणि पासवर्डाचे काळे ठिपके आपोआप भरले गेले. दादाने कधीतरी 'लक्षात ठेव' म्हणून ठेवलं असणार. मी नुसतं बटण दाबलं. आत शिरलो.

वहिनी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "बघा तरी, किती जण बसलेत आपल्या जिवावर."

जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. वहिनींचा फोन, माझा फोन, लॅपटॉप, काही अनोळखी फोन, कुणाचा तरी टीव्ही. आणि मधेच इंग्रजी अक्षरांत: Dhar-ko-Raja.

धारचा राजा, ते दादाच्या फोनचं नाव होतं. फोन घेतला त्या दिवशी त्याने स्वतः टाकलेलं. भाड्याच्या गाडीत ब्लूटूथ लावताना ते नाव दिसायचं आणि आम्ही त्याची टर उडवायचो.

वहिनींनी पदराची कड दातात धरली. मग त्या हळूच म्हणाल्या, "जुनं राहिलं असेल ना? तेव्हाचं?"

मलाही तेच हवं होतं. पण यादीत जुनं नाव महिनोन्‌महिने टिकत नाही. मी पान पुन्हा भरून पाहिलं. त्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि किती डेटा वापरला त्याचा आकडा होता. पुन्हा भरलं, आकडा वाढला. आणखी एकदा. आणखी वाढला. त्या क्षणी कुणीतरी त्या फोनवर काहीतरी बघत होतं, आणि ते माणूस आमच्या वायफायच्या टप्प्यात होतं. त्या राउटरचा टप्पा म्हणजे आमचं घर, समोरचा ओटा, जिथे गल्ली नेटसाठी येऊन बसायची, आणि शेजारची एक भिंत.

भिंतीपलीकडे भिया राहायचा. भिया म्हणजे इकडे कुणीही भाऊ, पण गल्लीत तेच त्याचं नाव पडलं होतं. बसस्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान. अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचलेला तोच. बाहेरगावची गाडी दुरुस्त करून परत येत होता. दादाला मांडीवर घेऊन टेम्पोत बसला तो, दवाखान्यात कागदावर सही केली त्याने, खांदा दिला त्याने. तेराव्याला पंगतीत वाढलं त्याने. आई त्याला दुसरा मुलगा म्हणायची.

"ताबडतोब ब्लॉक करते," मी म्हटलं. करता येत होतं, नावापुढेच बटण होतं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "बंद झालं की त्याला कळेल. चला."

आई आत झोपली होती. आम्ही तशाच चपला घालून शेजारी गेलो. दार उघडंच होतं. भियाची म्हातारी आई खाटेवर पडलेली असते, कमरेपासून खाली तिला हालचाल नाही. तिच्या छातीवर उशी, उशीला टेकवलेला फोन, त्यावर कुणा महाराजांचं प्रवचन चालू होतं. काच बदललेली होती. पण मागच्या कोपऱ्यात दादाने चिकटवलेला छोटा गणपती तसाच होता.

म्हातारी आम्हाला बघून खूश झाली. "आओ बेटी, बैठो. देखो, म्हारो छोरो मोबाइल लायो."

भिया आतून हात पुसत आला. वहिनींच्या नजरेकडे त्याने पाहिलं, मग खाटेकडे, आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. काही विचारायचं राहिलंच नाही.

"रस्त्यावर पडला होता, भाभी," तो म्हणाला. त्याला बऱ्यापैकी मराठी येतं, गल्लीत शिकलेलं. "खिशात घातला, म्हटलं घरी देऊन टाकेन. मग... नाही दिला. काच फुटली होती. अम्मा दिवसभर छताकडे बघत पडते." सिम काढून टाकली होती. फोनला लॉक नव्हतंच, आईला उघडता यावा म्हणून दादाने कधी लावलं नव्हतं. वायफायचा पासवर्ड आतच होता, भिंतीपलीकडून तो आपोआप जोडला गेला. भियाला वाटत होतं, नेट असंच येतं.

वहिनींनी म्हातारीच्या उशीवरून फोन उचलला. महाराज बोलत होते ते बंद केलं. फोटो उघडले. महाराजांचे दोन-तीन फोटो होते, बाकी काही नाही. दादाचे, लग्नाचे, आमच्या मांडव किल्ल्याच्या सहलीचे, एकही नाही.

"ते मी काढून टाकले," भिया जमिनीकडे बघून म्हणाला. "उघडला की भाऊचा चेहरा यायचा. मुझसे नहीं देखा जाता था."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. पोलिसात जाईन म्हटलं, चोर म्हटलं. म्हातारी गोंधळून रडायला लागली. वहिनींनी माझा हात दाबला.

"त्या संध्याकाळी मी फोन करत होते," त्या भियाला म्हणाल्या. "सारखी करत होते. वाजत होता, मग बंद झाला. तेव्हा तुझ्या खिशात होता?"

"हो."

"उचलला का नाहीस?"

"क्या बोलता, भाभी?"

"हे होते तेव्हा?"

भियाने मान खाली घातली. "पहिला फोन आला तेव्हा श्वास चालू होता. टेम्पोत होतो. मला काही सुचेना. मी बटण दाबून आवाज बंद केला."

वहिनी फोन घेऊन उठल्या आणि घरी आल्या. त्या रात्री मी पासवर्ड बदलला, यादीतली सगळी माणसं एकेक करून गळाली. वहिनींच्या शिकवण्या सोमवारी व्यवस्थित चालल्या. पोलिसात आम्ही गेलो नाही. का गेलो नाही, ते आमच्यापैकी कुणीच कुणाला विचारलं नाही. आईला आम्ही काही सांगितलं नाही. ती विचारायची, भिया हल्ली येत का नाही, तर वहिनी सांगायच्या, दुकानात काम वाढलंय.

देवासहून मी रोज फोन करायची. वहिनी बारीक होत गेल्या. शिकवणी सुरू व्हायची, संपायची, मधल्या वेळात त्या भियाच्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "वन्सं, नुसता कानाला लावला असता तरी चाललं असतं. काय बोलले असते मी? काही नाही. भाजी काय आणायची, एवढंच." मग म्हणाल्या की त्या टेम्पोतलं चित्र रोज मनात नव्याने तयार होतं, आणि रोज ते आधीपेक्षा वाईट असतं.

पावसाळा संपत आला तेव्हा एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मी शाळेच्या जिन्यात उभी राहून उचलला. म्हणाल्या, आज दुकानावर गेले होते. भिया टायर उघडून बसला होता. मी त्याला म्हटलं, मला एकच सांग, ते काही बोलले का?

"मग?"

"म्हणाला, पाणी मागितलं."

"दिलं त्याने?"

"दिलं. टेम्पोवाल्याच्या बाटलीतलं. दोन घोट गेलं म्हणाला." मागे बसस्टँडचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे त्या अजून तिथेच उभ्या होत्या. "मी त्याला म्हटलं, बरं झालं दिलंस. आणि आले निघून."