परिपाठातली प्रश्नमंजुषा आणि मी

आमच्या शाळेत परिपाठातली शनिवारची प्रश्नमंजुषा माझ्याकडं होती. शाळा कळंब तालुक्यातली, येरमाळ्याहून आत गेलं की लागते. मैदानात वर्गवार रांगा, व्हरांड्यात माईक, आणि प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष झाले की मी प्रश्न घेऊन उभा.

हे काम मी लई जपून करायचो, त्याला कारण होतं. एके वर्षी एका महापुरुषाची जन्मतारीख विचारली. पोरानं एक तारीख सांगितली, मी चूक म्हणालो, आणि दुपारी गावातली चार मोठी माणसं मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसली. दोन्ही तारखांची पुस्तकं निघाली. मी माफी मागितली. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं. माझ्या जुन्या चिठ्ठ्यांवर उस्मानाबादच होतं, आणि मी ते माईकवरून तसंच बरोबर ठरवलं. मागून पोरं हसली.

त्यानंतर मी चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. 'सध्याचा' शब्द आला की चिठ्ठी बाद, कारण मंत्री बदलतो. 'सर्वांत मोठा', 'सर्वांत जुना' आलं की बाद, कारण मोजणारे दोन असतात. राष्ट्रीय खेळ कोणता, हा प्रश्न पोरांच्या तोंडात बसलेला; पण हॉकीला सरकारनं तसं कधी जाहीरच केलेलं नाही, म्हणून तोही बाद. राज्यात जिल्हे किती, असं न विचारता राज्य स्थापन झालं त्या दिवशी किती होते, असं विचारायचं. ते सव्वीस होते, आणि त्या दिवसाचा आकडा आता कुणी हलवू शकत नाही. नळदुर्गचा किल्ला कुठल्या नदीवर? बोरी. तेरणा कुणाला मिळते? मांजरेला. एवढं करून प्रत्येक उत्तर दोन पुस्तकांत पाहायचो आणि मगच चिठ्ठी बुटाच्या खोक्यात टाकायचो. खोकं स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

मी सातवी अ चा वर्गशिक्षक. सातवी ब एका नव्या बाईंकडं होती. बाई शिक्षणसेवक, म्हणजे तीन वर्षं मानधनावर. काम बरं वाटलं तर पुढं कायम. बरं की वाईट हे मुख्याध्यापकांनी संस्थेला कळवायचं. बाईंचं तिसरं वर्ष चालू होतं. घरी आजारी सासरे आणि मोंढ्यात हमाली करणारा नवरा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीनंतर ब वर्ग जिंकायला लागला. एखाद्या शनिवारी जिंकला असता तर मी काही म्हणालो नसतो. पण माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ब च्या रांगेतून हात वर. 'राज्य स्थापन झालं त्या दिवशी' एवढं म्हणतोय तोवर "सव्वीस". माझ्या वर्गाची पोरं माझ्याकडं बघायची, आणि मला ते बघणं सहन व्हायचं नाही.

मी बाईंवर नजर ठेवायला लागलो. त्या माझ्या कपाटाशेजारी बसून हजेरी भरायच्या. मी आत आलो की मान वर करून हसायच्या, आणि त्या हसण्यात मला काहीतरी दिसायचं. मी कुलूप बदललं. चिठ्ठ्या उलट्या लावून ठेवल्या. सकाळी त्या तशाच उलट्या सापडल्या, तर वाटलं, बाई हुशार आहेत, परत तशाच लावतात. संशय आला की पुरावा नसणं हाच पुरावा वाटतो, हे तेव्हा कळलं नाही.

मग मी मुख्याध्यापकांकडं गेलो आणि म्हणालो, प्रश्न फुटतायत. त्यांनी कुणाकडून, असं विचारलं. मी नाव घेतलं नाही, ब वर्गाचे निकाल तेवढे सांगितले. ते म्हणाले, "समजलं." त्याच आठवड्यात बाईंना बोलावणं गेलं आणि लेखी खुलासा मागितला गेला. स्टाफरूममध्ये बाईंशी बोलणं कमी झालं. चहा यायचा, पण त्यांच्यापुढं कप शेवटी ठेवला जायचा.

आणि मी सापळा लावला. एका चिठ्ठीवर लिहिलं, मराठवाड्यातला सर्वांत जुना किल्ला कोणता? उत्तर लिहिलं, परंडा. याचं नक्की उत्तर कुणाकडंच नाही. कुणी चटकन परंडा म्हणालं, तर त्यानं चिठ्ठी पाहिली, एवढाच अर्थ. ती चिठ्ठी दोन दिवस आधी खोक्यात वरच ठेवली.

शनिवारी तो प्रश्न मी ब वर्गालाच विचारला. पुढं बसणारी एक मुलगी उठली. मी म्हणालो, बोल की. तिनं मागं वळून रांगेकडं पाहिलं.

"सर, ह्येचं उत्तर नक्की सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "आन् तुम्ही असला प्रश्न इचारतच न्हाय."

अख्खं मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला गाठलं. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला, पण मला तिच्याकडून काढून घ्यायचंच होतं. मी असले प्रश्न विचारत नाही, हे तिला कुणी सांगितलं?

"बाईंनी. सरांचे प्रश्न वळखायला शिका म्हणत्यात. 'सध्या' आलं की सोडा, 'सर्वांत' आलं की सोडा. ज्येच्यावर भांडण न्हाय आन् ज्ये बदलत न्हाय, त्येवढंच वाचा. लई थोडं उरतंय, सर. दोन आठवड्यात पाठ हुतंय."

मी हिशेब केला. खरंच थोडं उरत होतं. वादाचं आणि बदलणारं सगळं मी इतकं चाळून काढलं होतं, की खोक्यात काय असेल हे कुणाही डोकं चालवणाऱ्या माणसाला बाहेरून कळावं. चिठ्ठी पाहायची गरजच नव्हती.

मुख्याध्यापकांनी मला त्याच दिवशी विचारलं. बाईंचा खुलासा त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, सरळ सांगा. फोडत होत्या का नव्हत्या?"

उत्तर 'नव्हत्या' असं होतं. एक शब्द. तो म्हणालो असतो तर माझा मत्सर उघडा पडला असता, आणि अख्ख्या शाळेसमोर मी लावलेला सापळाही.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा परत घातला. त्यांनी संस्थेला काय कळवलं, मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. वर्षअखेरी बाईंना कायम केलं नाही. मुदत वाढवली, आणि संस्थेच्या परंडा तालुक्यातल्या शाळेवर पाठवलं. निरोप समारंभाच्या दिवशी मी आजारी पडलो.

यंदा एका प्रशिक्षणाला त्या दिसल्या. मधल्या वेळेत मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. कपाट, कुलूप, किल्ला, आणि मुख्याध्यापकांना दिलेलं उत्तर. माझं संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून.

"आता का सांगताय, सर? काही काम हाय का?"

मी म्हणालो, काम नाही.

"मुदत वाढली त्या वर्षात सासऱ्यांचं ऑपरेशन राहिलं," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी बोलून काय उपयोग. माझी फाईल संस्थेत हाय. तिथं लिहून देता का?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. विश्वास बसल्याचं काही दिसलं नाही. मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, व्हरांड्याच्या कट्ट्यावर ठेवला, वर पेन ठेवला, आणि मी लिहायला लागेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.