न पाठवलेल्या निबंधाला सतरा गुण

मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तरी लोक मला निबंध तपासायला पाठवतात, आणि बरेचदा निबंध सोडून सगळं पाठवतात. नमस्कार येतो, जोडलेले हात येतात, घाई तर येतेच येते. त्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलीचा मेसेज आला. घरात मराठी, पण शहर हिंदी, म्हणून लिहिणं सगळं हिंदीत. 'मावशी, मेरा निबंध रूब्रिक के हिसाब से चेक कर दीजिए ना. पापा पर है. पाँच बजे तक पोर्टल पर डालना है.' खाली काहीच जोडलेलं नव्हतं. निबंध नाही, रूब्रिकही नाही. रूब्रिक म्हणजे कशाला किती गुण द्यायचे ते सांगणारा तक्ता, प्रत्येक कॉलेजचा निराळा. मी लिहिलं, 'बाई, आधी दोन्ही पाठव. तुझ्या मनातलं मला इथून दिसत नाही.' उत्तर आलं नाही. मी जरा चिडलेच.

दुपारी ती स्वतःच खाली आली. वीज गेली होती, कूलर बंद. उन्हाळ्यात राइट टाउन वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी ऑटोसुद्धा फिरकत नाही.

"मावशी, तुम्ही राहू द्या. चेक झाला," ती म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. वर्षापूर्वी वडील गेले, तेव्हापासून तो तसा पाहिला नव्हता.

"कोणी केला?"

"फोनवाल्या एआयने. तुम्हाला जो मेसेज केला ना, तोच त्याला टाकला, फक्त 'मावशी' हा शब्द काढून. वीसपैकी सतरा दिले!"

मी फोन हातात घेतला. आशय पाच, मांडणी चार, भाषा चार, मौलिकता चार. कसं सुबक रांगेत! खाली शेरा होता की दवाखान्यातला परिच्छेद मनाला भिडतो, पण लांबला आहे, तो काढला तर निबंध नेटका होईल.

"मग?"

"काढला. सेव्ह पण केला."

निबंध वाचावा म्हणून मी वर सरकवलं. वर फक्त तिचा मेसेज होता. फाइल नव्हती, फोटो नव्हता.

"निबंध कुठे आहे यात?"

"जोडला होता ना." तिने फोन ओढून घेतला, वर सरकवलं, खाली सरकवलं. "मावशी, मी जोडलाच नाही. रूब्रिक पण नाही. मला वाटलं, रूब्रिक त्याला माहीतच असेल." मग आवाज एकदम खाली आला. "मग दवाखाना त्याला कसा समजला?"

वडिलांवरचे निबंध मी आयुष्यभर तपासले, त्यांत दवाखाना येतोच, तो अंदाज आहे, असं मी तिला सांगितलं. पण माझाच त्यावर विश्वास बसेना. तिच्या फोनवर नवा संवाद उघडून मी तोच मेसेज पुन्हा टाकला. क्षणभरही न थांबता या वेळी सोळा गुण आले, आणि वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या वर्णनाचं भरपूर कौतुक.

"पापांची स्कूटर होती," ती पुटपुटली. "पण निबंधात नाहीये."

खोलीत तिसरं कोणी बसलंय आणि आपल्याबद्दल गोड गोड बोलतंय, असं मला वाटलं. शेवटी मी त्या एआयलाच विचारलं, 'निबंध मिला क्या?' उत्तर लगेच आलं. माफी मागितली होती, निबंध किंवा रूब्रिक काहीच मिळालेलं नाही, कृपया दोन्ही पाठवा. मला त्या नम्रपणाचीच जास्त भीती वाटली, आणि संतापही आला. हेच आधी विचारायला काय झालं होतं?

मी तिला म्हटलं, "गुणांचं सोड. वेळ आहे अजून. तो परिच्छेद पुन्हा लिही."

ती बसली, पण अंगठा हलेना.

"मावशी, ते मी कोणाला दाखवलं नव्हतं. मम्मीला पण नाही. त्याने म्हटलं, मनाला भिडतो, तर मला वाटलं, चलो, कोणीतरी वाचलं. मग त्याने म्हटलं काढ, तर काढला." ती थांबली. "म्हणजे अजून कोणीच नाही वाचलं?"

"नाही."

"आता शब्द आठवून नाही राहिले."

"मग मला सांग. शब्द नको, झालं तसं सांग."

तिने सांगितलं. दवाखान्यात पापांना नळ्या लावलेल्या होत्या, सकाळी तिचा पेपर होता, आणि ती जायला तयार नव्हती.

"पापा म्हणाले, जा, पेपर दे. मी आहे इथेच. मी गेले. पेपर चांगला गेला होता, ते सांगायला पळत आले, तर कॉट रिकामी."

ती माझ्याकडे बघत होती. भिडलं का, एवढंच तिला विचारायचं होतं, हे मला कळत होतं, आणि मी तिला म्हटलं, "आत्ता सांगितलंस तसंच लिही, सगळ्यात आधी मी वाचते."