राजपत्राची तारीख

आमच्या लक्ष्मीनगरात बोभाटा झाला, की सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेल्या सभरवाल आंटींनी धोरणलेखक भाटियाला घराबाहेर हाकललं. साफ खोटं! त्यांनी फक्त त्याने तपासायला आणलेला लेख अडवला. ई-रिक्षावाल्यांना चौदा मार्चला झालेला दंड कायदेशीरच, असं त्यात ठासून लिहिलं होतं. पुरावा म्हणून तळटिपेत दंडाच्या नव्या नियमाच्या अधिसूचनेचा क्रमांक आणि बारा मार्च ही तारीख.

"बाराला नुसती सही झाली, बेटा. राजपत्रात छापली पंधराला, आणि नियम लागू छापल्यापासून!"

भाटिया कळवळला, "आंटी, उद्या लेख छापायला जायचाय! आता निष्कर्षच उलटा करावा लागेल!"

मी त्यांचाच चहा पीत काडी घातली, "जाऊ द्या हो, तळटीप वाचतंय कोण?"

आंटी म्हणाल्या, "ज्याला दंड झालाय, तो वाचेल."